एक मीटरची काठी आणि एक मीटरचा लंबक : दोघांचा झोका सारखा का नसतो?

गडचिरोली जिल्ह्यातले आलापल्ली सागवानासाठी ओळखले जाते. तिथल्या सागवानाची एक मीटर लांबीची, सगळीकडे सारख्या जाडीची पट्टी घ्या आणि तिचे वरचे टोक खिळ्यावर टांगा. शेजारीच एक मीटर लांबीच्या दोरीला छोटा जड दगड बांधून टांगा. दोन्ही थोडे बाजूला ओढून एकाच वेळी सोडले, तर काय दिसेल? दोघांची लांबी एकच असल्याने ते बरोबरीने झुलतील, असे वाटते. प्रत्यक्षात दोन-तीन झोक्यांतच पट्टी पुढे निघून जाते. दगडाला एक पूर्ण फेरी, म्हणजे जाऊन परत यायला, साधारण २.०१ सेकंद लागतात. पट्टीला फक्त १.६४ सेकंद पुरतात.

हा फरक लाकडामुळे पडत नाही. लोखंडी सळई घेतली तरी उत्तर तेच येते. वस्तुमान लांबीभर कसे पसरले आहे, यावर सारे अवलंबून आहे.

साधा लंबक आणि संयुक्त लंबक

दोरी आणि दगड या जोडीत जवळजवळ सगळे वजन एकाच ठिकाणी, दोरीच्या शेवटी असते. याला साधा लंबक म्हणतात. त्याचा दोलनकाल शाळेत शिकवतात त्या सूत्राने मिळतो :

T = 2π√(l/g)

इथे l म्हणजे दोरीची लांबी आणि g म्हणजे गुरुत्व त्वरण. पट्टीचे वजन मात्र वरपासून खालपर्यंत पसरलेले असते. अशा झुलणाऱ्या घन वस्तूला संयुक्त लंबक किंवा भौतिक लंबक म्हणतात.

पट्टीचे शंभर छोटे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा आपापल्या दोरीवर टांगला, अशी कल्पना करा. खिळ्याजवळचे तुकडे आखूड दोरीवर असल्याने भराभर झुलतील आणि खालचे तुकडे संथ. खऱ्या पट्टीत हे सगळे तुकडे एकमेकांना जखडलेले असतात. वरचे तुकडे घाई करतात, खालचे त्यांना मागे ओढतात आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एकच वेग ठरतो. म्हणून पट्टी एक मीटरच्या साध्या लंबकापेक्षा जलद झुलते.

मग अर्धी लांबी धरायची का?

इथे हमखास चूक होते. पट्टीचा गुरुत्वमध्य मधोमध, ५० सेंटिमीटरवर असतो, तेव्हा पट्टी ५० सेंटिमीटरच्या लंबकासारखी झुलेल असे अनेकांना वाटते. तसे असते तर दोलनकाल १.४२ सेकंद आला असता. प्रत्यक्षात तो १.६४ येतो, म्हणजे खरे उत्तर अर्ध्या आणि पूर्ण लांबीच्या मध्ये कुठेतरी आहे.

ते शोधायला दोन गोष्टींचा हिशेब करावा लागतो. पहिली, पट्टीला मधल्या स्थितीकडे परत ओढणारा जोर. प्रत्येक तुकड्याचा यातला वाटा त्याच्या खिळ्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात असतो. सगळ्या तुकड्यांची सरासरी घेतली की L/2 मिळते, आणि हाच गुरुत्वमध्य.

दुसरी गोष्ट म्हणजे फिरण्याला होणारा विरोध, ज्याला जडत्वाचे परिबल म्हणतात. इथे अंतराचा वाटा दोनदा येतो. दुप्पट दूर असलेल्या तुकड्याला तेवढ्याच वेळात दुप्पट अंतर कापायचे असते, आणि दूर असल्यामुळे त्याचा विरोधही दुप्पट तरफेने लागू होतो. म्हणून विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्याची सरासरी L²/3 येते.

दुसऱ्या संख्येला पहिलीने भागले की उत्तर मिळते :

(L²/3) ÷ (L/2) = 2L/3

यालाच समतुल्य लांबी म्हणतात. टोकाला टांगलेली एकसारखी पट्टी तिच्या लांबीच्या दोन तृतीयांश लांबीच्या साध्या लंबकाइतक्याच वेळात झुलते. म्हणून :

T = 2π√(2L/3g)

एक मीटरच्या पट्टीची समतुल्य लांबी ६६.७ सेंटिमीटर आहे. शेजारच्या दगडाची दोरी तेवढी आखूड केली, तर दोघे बरोबरीने झुलू लागतात. दोरी दगडाच्या मध्यापर्यंत मोजायची, वरच्या गाठीपर्यंत नाही.

आलापल्लीतले मोजमाप

पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर आहे आणि स्वतःभोवती फिरते, त्यामुळे g सगळीकडे सारखे नसते. आलापल्ली साधारण १९.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्या अक्षांशाच्या हिशेबाने तिथे g सुमारे ९.७८६ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. त्यावरून एक मीटरच्या पट्टीच्या २० फेऱ्यांना ३२.८ सेकंद लागायला हवेत.

मोबाइलच्या स्टॉपवॉचने हे तपासता येते. एकच फेरी मोजली तर बोट दाबण्यातल्या उशिरानेच सेकंदाच्या एक-दोन दशांशांची चूक होते. २० फेऱ्या एकत्र मोजल्या की तीच चूक २० भागांत वाटली जाते. घड्याळ पट्टी टोकाला पोहोचल्यावर सुरू न करता, ती मधल्या स्थितीतून जाताना सुरू करावे. टोकाला पट्टी क्षणभर रेंगाळते आणि नेमका क्षण पकडता येत नाही, मध्ये ती सर्वांत वेगात असते. झोका लहान ठेवावा. दहा अंशांपर्यंत बाजूला ओढले तर दोलनकाल ०.२ टक्क्यांनीच वाढतो, पण तीस अंशांवर ही वाढ १.७ टक्क्यांच्या पुढे जाते.

मिळालेल्या वेळेवरून g उलट काढला, की चूक कुठे झाली तेही कळते. वेळ बरोबर मोजून g १४.७ आला, तर समतुल्य लांबीऐवजी पट्टीची पूर्ण लांबी सूत्रात घातली गेली आहे. ७.३ आला, तर अर्धी घातली आहे. १०.८ च्या आसपास आला, तर बहुधा मोजणी ‘शून्य’ऐवजी ‘एक’पासून सुरू झाली आणि २० म्हणून १९ फेऱ्याच मोजल्या गेल्या.

छिद्र टोकावर नसते

खरी पट्टी अगदी टोकावर टांगता येत नाही. छिद्र थोडे आत पाडावे लागते. समजा ते टोकापासून दोन सेंटिमीटर आत आहे. आता पट्टीचा थोडा भाग खिळ्याच्या वर येतो आणि समतुल्य लांबी ६६.७ वरून ६५.४ सेंटिमीटर होते. २० फेऱ्या ३२.८ ऐवजी सुमारे ३२.५ सेकंदांत संपतात. हा फरक लक्षात घेतला नाही, तर g जवळजवळ दोन टक्के जास्त येतो.

यावर सोपा उपाय आहे. खिळ्यापासून खालच्या टोकापर्यंतचे अंतर, म्हणजे ९८ सेंटिमीटर, मोजून त्याचे दोन तृतीयांश घ्यायचे. ते ६५.३ येते. खऱ्या आकड्यापासून हा फरक एक मिलिमीटरहूनही कमी आहे.

दुसरी अडचण पट्टी एकसारखी नसण्याची. रंध्याने साफ केलेली पट्टी चालते, पण रानातून तोडून आणलेली काठी किंवा बांबू बुडाशी जाड आणि शेंड्याकडे बारीक असतो. तिथे दोन तृतीयांशचा नियम लागू होत नाही. हे ओळखायला काठी बोटावर तोलून पाहावी. ती बरोबर मधोमध तोलली जात नसेल, तर ती एकसारखी नाही. आणखी एक खूण म्हणजे अशी काठी दोन्ही टोकांनी आळीपाळीने टांगली, तर दोलनकाल वेगवेगळे येतात.

उलटी टांगली तरी वेळ तोच

आता पट्टीवर, टांगलेल्या टोकापासून ६६.७ सेंटिमीटरवर खूण करा. या जागेला दोलनकेंद्र म्हणतात. तिथे छिद्र पाडून पट्टी उलटी टांगली, तर ती किती वेळात झुलेल? आता खिळ्यापासून एका बाजूला ६६.७ आणि दुसऱ्या बाजूला ३३.३ सेंटिमीटर पट्टी आहे, तरी दोलनकाल पुन्हा १.६४ सेकंदच येतो. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६७३ साली लंबकाच्या घड्याळांवरच्या ग्रंथात हा नियम मांडला : टांगण्याची जागा आणि दोलनकेंद्र यांची अदलाबदल केली, तरी दोलनकाल बदलत नाही.

हा नियम मोठ्या कामाला लावला तो कॅप्टन हेन्री केटर यांनी. केटर यांनी दक्षिण भारतात विल्यम लॅम्बटन यांच्या हाताखाली त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम केले होते. हेच लॅम्बटन पुढे मोजणी करत उत्तरेकडे सरकताना १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट इथे वारले. इंग्लंडला परतलेल्या केटर यांनी दोन्ही बाजूंनी टांगता येईल असा धातूचा लंबक बनवला. दोन्ही बाजूंचे दोलनकाल सारखे होईपर्यंत त्यावरची छोटी वजने सरकवायची, आणि मग दोन धारदार टेकूंमधले अंतर मोजायचे. हे अंतर म्हणजेच समतुल्य लांबी. वस्तुमान कुठे किती पसरले आहे, हे कळण्याची गरजच उरत नाही.

या मापनातून लंडनमध्ये एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जायला नेमका एक सेकंद घेणाऱ्या लंबकाची लांबी ३९.१३९ इंच, म्हणजे सुमारे ९९.४ सेंटिमीटर ठरली. १८२४ च्या ब्रिटिश कायद्यात, प्रमाण यार्ड नष्ट झाला तर तो या लांबीवरून पुन्हा बनवावा, अशी तरतूद झाली. १८३४ साली संसदेला लागलेल्या आगीत तो यार्ड खरोखरच निकामी झाला. पण तोवर लंबकाच्या मोजणीतल्या त्रुटी लक्षात आल्या होत्या. झुलताना लंबक थोडी हवाही सोबत ओढतो, आणि त्यासाठी केलेली दुरुस्ती अपुरी होती. त्यामुळे नवा यार्ड जुन्याच्या जपलेल्या प्रतींवरून बनवावा लागला.

आलापल्लीत अशा लंबकाची लांबी सुमारे ९९.१५ सेंटिमीटर भरेल, लंडनपेक्षा जेमतेम अडीच मिलिमीटर कमी. लंडनमध्ये अचूक चालणारे लंबकाचे घड्याळ जसेच्या तसे आलापल्लीत आणून लावले, तर ते दिवसाला सुमारे दोन मिनिटे मागे पडेल. आणि तिथे एका बाजूला नेमका एक सेकंद घेणारी सागवानी पट्टी हवी असेल, तर ती दीडपट लांब, म्हणजे १४८.७ सेंटिमीटर कापावी लागेल.