कमल ते कलम: एका तक्त्याची कुळकथा

दोन शब्दांमधलं अंतर मोजण्याची कल्पना मॉस्कोतल्या व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली मांडली. तारेवरून जाणाऱ्या ०-१ च्या संदेशात एखादा अंक गळतो, जादा शिरतो किंवा उलटतो. अशा किती चुका दुरुस्त करता येतील, हा त्यांचा प्रश्न होता. अंतर काढायचं कसं, हे त्या निबंधाचं काम नव्हतं. ती रीत वेगवेगळ्या क्षेत्रांत स्वतंत्रपणे सापडली. १९७० साली नीडलमन आणि वुन्श यांनी प्रथिनांच्या साखळ्या जुळवण्यासाठी तक्ता मांडला आणि १९७४ साली वॅग्नर आणि फिशर यांनी अक्षरांच्या दुरुस्तीसाठी.

‘कमल’चं ‘कलम’ करून पाहू. उभ्या बाजूला कमल, आडव्या बाजूला कलम.

```
      -  क  ल  म
  -   ०  १  २  ३
  क   १  ०  १  २
  म   २  १  १  १
  ल   ३  २  १  २
```

अक्षरं सारखी असतील तर तिरक्या वरच्या घरातला आकडा तसाच उतरवायचा. नसतील तर वरचं, डावीकडचं आणि तिरकं यांतलं सर्वांत लहान घेऊन त्यात एक मिळवायचा. शेवटच्या घरात २ येतो, तेच अंतर.

पण खरं उत्तर आकड्यात नाही, वाटेत आहे. शेवटच्या घरातून उलटं चालत प्रत्येक आकडा कुठून आला ते पाहायचं. वर गेलो तर अक्षर खोडलं, डावीकडे गेलो तर घातलं, तिरके गेलो तर ठेवलं किंवा बदललं. इथे तिन्ही वाटा सारख्याच स्वस्त निघतात. वर गेल्यास क आणि म टिकतात, डावीकडे गेल्यास क आणि ल. तिरकी वाट मात्र म आणि ल दोन्ही बदलून टाकते आणि फक्त क उरतो. म्हणजे सर्वांत लांब सामाईक क्रम हवा असेल, तर हा तक्ता वाचून भागत नाही. बदलाची मुभा काढून तो नव्याने भरावा लागतो. इथे अनेकजण फसतात, कारण अंतराचा आकडा बरोबरच आलेला असतो.

दुसरी अडचण जागेची. आकडा काढायला दोन ओळी पुरतात, पण परतीच्या वाटेसाठी सगळा तक्ता जपावा लागतो. दहा-दहा हजार अक्षरांचे दोन मजकूर म्हणजे दहा कोटी घरं. १९७५ साली डॅनियल हर्शबर्ग यांनी सामाईक क्रमासाठी तोड काढली. पहिला मजकूर मधोमध कापायचा, वरचा अर्धा पुढून आणि खालचा मागून भरायचा. दोन्हींची बेरीज जिथे सर्वांत मोठी येते तिथूनच वाट जाते. मग दोन्ही तुकड्यांवर तेच. काम साधारण दुप्पट होतं, जागा मात्र दोन ओळींइतकीच लागते. माझ्या मते या कुळातली सर्वांत देखणी युक्ती हीच.

१९७६ साली बेल लॅब्जमध्ये हंट आणि मॅकइलरॉय यांनी `diff` या आज्ञावलीचं वर्णन प्रसिद्ध केलं. ती अक्षरांऐवजी अख्ख्या ओळींचा सामाईक क्रम शोधते, आणि त्यात न बसलेल्या ओळी खोडलेल्या किंवा घातलेल्या म्हणून दाखवते.