जैन जेवण आणि चोवीस तास

विमानातल्या जेवणाचा इतिहास १९१९ साली लंडन–पॅरिस विमानात तीन शिलिंगांना मिळणाऱ्या डब्यापासून सांगायची पद्धत आहे. तो डबा तिथेच राहू द्या. मला भुरळ घातली ती तिकिटावरच्या चार अक्षरांनी: VJML, म्हणजे जैन जेवण.

विमान कंपन्या एकमेकींना टेलिप्रिंटरवरून आरक्षणाचे निरोप धाडत, त्या काळातली ही घडण. प्रवाशाची प्रत्येक खास मागणी चार अक्षरांत बसवायची, आणि जेवण असेल तर शेवटी ML. उरली दोनच अक्षरं. त्यात HNML म्हणजे हिंदू मांसाहारी, AVML म्हणजे हिंदू शाकाहारी. त्यातला A ‘एशियन’चा. पुढे नाव बदललं, अक्षर तसंच राहिलं. VGML मात्र फसवं. ‘व्हेज’ समजून ते निवडलं की दूध, दही, तूप काहीच मिळत नाही. जैन जेवणात V आधी का आला? माझा तर्क असा, की शाकाहाराचे सगळे प्रकार यादीत शेजारी यावेत म्हणून. पण मग शाकाहारी AVML त्यांच्यापासून दूर का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

खरा वाद चोवीस तासांचा आहे. बहुतेक कंपन्या खास जेवण निदान चोवीस तास आधी सांगायला लावतात. ही मुदत निरोप पोचायला लागणाऱ्या वेळेची उरलेली खूण आहे, असं एक मत ऐकू येतं. मला ते पटत नाही. कारण ज्यूंच्या कोशर जेवणाला अनेक कंपन्या अठ्ठेचाळीस तास मागतात. निरोप तर दोन्हींचा सारख्याच वेगाने जातो. फरक स्वयंपाकघरात आहे: कोशर जेवण बहुधा बाहेरच्या प्रमाणित स्वयंपाकघरातून मोहोरबंद येतं. म्हणजे मुदत ठरवतो तो स्वयंपाक, तार नव्हे.

आणि स्वयंपाक उड्डाणाच्या बराच आधी होतो. समजा, मुंबईहून मंगळवारी पहाटे दोनला विमान आहे. सोमवारी पहाटे दोनला मागणी बंद. तेवढ्या यादीवरून त्या दिवशी दुपारी भाजी-भात शिजतो, शीतयंत्रात झपाट्याने पाच अंशांच्या आसपास आणला जातो, मग डब्यात भरून त्यावर प्रवाशाचं नाव आणि आसन क्रमांक चिकटतो. रात्री डबा ट्रॉलीतून विमानात चढतो आणि वर गेल्यावर गरम होतो. (ऐनवेळी आसन बदललंत तर सेवकाला लगेच सांगा, नाहीतर तुमचं ताट जुन्या आसनाकडे जाईल. विमान बदललं तर नव्या तिकिटावर मागणी आहे का, तेही पाहा. ती आपोआप जाईलच असं नाही.)

मला चकित करणारी गाठ इथेच सापडली. VJML मध्ये कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा नसतात. जमिनीखालचं काही नाही. पण जैन आहारात काय खायचं याच्या इतकंच केव्हा खायचं याला महत्त्व आहे. कडक पाळणारे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि ओलसर शिजलेलं अन्न रात्र उलटली की त्यांच्या लेखी वासी, म्हणजे अभक्ष्य. वरचं सोमवारी दुपारचं ताट मंगळवारी पहाटे तीनला समोर येतं, तेव्हा त्यात कांद्याचा कण नसूनही ते दोन्ही नियम मोडतं. दोन अक्षरांत भाज्यांची यादी कशीबशी मावली, घड्याळ बाहेरच राहिलं. वर चोवीस तासांची मुदत म्हणजे शिळेपणाचीच तजवीज! म्हणून तर मुंबई-गुजरातचे जैन प्रवासी VJML सांगूनही पिशवीत खाकरा ठेवतात. खाकऱ्यात ओल नसते, आणि त्याची मर्यादा ऋतूप्रमाणे ठरते: पावसाळ्यात पंधरा दिवस, उन्हाळ्यात वीस, हिवाळ्यात तीस.

आपल्या उपवासाची तर आणखी पंचाईत. एकादशीला जैन जेवण मागवून उपयोग नाही. त्यात भात-डाळ असते, आणि आपल्याला हवी असलेली बटाटा-रताळी नेमकी वर्ज्य. साबुदाण्याच्या खिचडीला या यादीत अक्षरं नाहीत. नवरात्रात रेल्वेच्या ई-केटरिंगवर उपवासाची थाळी मिळते, कारण ती वाटेतल्या स्टेशनाजवळच्या भटारखान्यातून गरम येते आणि तिला आदल्या दिवशीची सूचना लागत नाही. विमानात जवळचा पर्याय FPML, फळांची थाळी. तीही चोवीस तास आधी सांगायची. कापलेलं कलिंगड, पपई, अननस, द्राक्षं. शेंगदाण्याचा लाडू घरून न्यावा.