‘हुकूम’ गेला, ‘की’ राहिला: मराठीतील फार्सी आणि बंदिस्त शब्दवर्ग

मराठीवरील फार्सीच्या प्रभावाची चर्चा बहुधा शब्दांच्या मोजणीने सुरू होते. वि. का. राजवाडे यांनी जुन्या दस्तऐवजांतील मराठी व फार्सी शब्दांचे प्रमाण काढले आणि सतराव्या शतकाकडून अठराव्या शतकाकडे येताना फार्सीचा वाटा घटत गेल्याचे दाखवले. पुढील अनेक अभ्यासकांनी ही पद्धत स्वीकारली. परंतु अशा मोजणीत नेमके काय मोजले जाते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे.

शिवकालीन पत्रव्यवहाराच्या वळणाचे एक वाक्य नमुन्यादाखल रचून पाहता येईल: ‘सरकारातून हुकूम जाहला की किल्ल्याच्या बंदोबस्ताबद्दल तजवीज करावी.’ यातील सरकार, हुकूम, किल्ला, बंदोबस्त, तजवीज ही पाचही नामे फार्सी-अरबी आहेत. मोजणी करणारा या वाक्याला जवळजवळ फार्सीच ठरवील. तरीही फार्सी भाषकाला ते कळणार नाही आणि मराठी भाषकाला ते आपलेच वाटेल. कारण ‘-तून’ व ‘-च्या’ हे प्रत्यय, ‘किल्ला’चे ‘किल्ल्या-’ हे सामान्यरूप, ‘जाहला’ व ‘करावी’ ही क्रियारूपे आणि क्रियापद अखेरीस ठेवणारा क्रम हे सर्व मराठीचे आहे.

भाषाविज्ञानात शब्दांचे दोन वर्ग मानतात. नामे, विशेषणे, धातू यांचा वर्ग खुला असतो. नवी वस्तू, नवे पद वा नवा व्यवहार आला की त्यात भर पडते आणि त्यासाठी आधीच्या कोणत्याही शब्दाला जागा सोडावी लागत नाही. विभक्तिप्रत्यय, सर्वनामे, शब्दयोगी आणि उभयान्वयी अव्यये यांचा वर्ग बंदिस्त असतो. येथील प्रत्येक घटकाचे मूल्य त्याच्या शेजाऱ्यांवर ठरते. ‘-ला’चा अर्थ बोट दाखवून सांगता येत नाही, ‘-ने’, ‘-त’, ‘-चा’ यांच्याहून तो वेगळा कसा, एवढेच सांगता येते. म्हणून ‘हुकूम’ एकटा प्रवास करू शकतो, पण ‘-ला’ला जायचे तर आपली सारी व्यवस्था बरोबर न्यावी लागेल. फार्सीतील ‘अज’ (पासून), ‘दर’ (मध्ये) आणि ‘बर’ (वर) ही संबंधदर्शक अव्यये शतकानुशतके मराठी कारकुनांच्या लेखणीखाली होती. ती मराठीत उरली ती ‘अज रख्तखाने’ या मायन्यात आणि ‘दरम्यान’, ‘बरहुकूम’ अशा जुळलेल्या शब्दांत. ‘अज पुणे’ असे कोणा मराठी माणसाने स्वतः म्हटले नाही. आजही ‘बँक ऑफ महाराष्ट्र’ या नावात ‘ऑफ’ निर्वेध चालतो. ‘घर ऑफ राम’ मात्र कोणी म्हणत नाही. ‘द’ला तर मराठीत जागाच नाही, कारण मराठी नामाला असे उपपद लागत नाही.

मग नमुन्याच्या वाक्यातील ‘बद्दल’ आणि ‘की’ यांचे काय? ते दोन्ही बंदिस्त वर्गातले आहेत आणि दोहोंचा संबंध फार्सीशी सांगितला जातो. नियमाला हे अपवाद दिसतात, म्हणून त्यांचा मार्ग तपासणे आवश्यक आहे.

‘बद्दल’च्या मुळाशी अरबी ‘बदल’, म्हणजे विनिमय, हे नाम आहे. ‘मोबदला’ त्याच कुळातला. ‘कामाबद्दल मजुरी’ यात मोबदल्याचा अर्थ अजून स्वच्छ आहे. ‘चुकीबद्दल शिक्षा’, ‘मदतीबद्दल आभार’ यांत तो विरळ होतो. मोबदल्यात काही दिले जाते खरे, पण ज्याच्या संदर्भात ते दिले जाते तो विषयही तेथेच उभा असतो. ‘गावाबद्दल बोलणे’ येथे विनिमय पूर्ण लोपून केवळ विषय उरतो. म्हणजे मराठीने अव्यय उसने घेतले नाही. शब्द नाम म्हणून आला आणि त्याचे अव्यय मराठीत घडले. ‘तर्फे’ हे ‘तरफ’ (बाजू) या नामाला मराठी ‘-ए’ लागून झाले. ‘मार्फत’ म्हणजे मुळात ओळख. ‘शिवाय’ थोडे निराळे आहे. ते फार्सीतही संबंधदर्शकच होते, परंतु तेथे ते नामापूर्वी येते. मराठीत त्याला नामामागे जाऊन उभे राहावे लागले.

या शब्दांची जागाही लक्षणीय आहे. मराठीत नामाच्या सामान्यरूपाला चिकटलेल्या प्रत्ययांचा एक आतला थर आहे आणि शब्दयोगी अव्ययांचा एक बाहेरचा. ‘मला’ हे रूप आतल्या थराचे; ‘माझ्याबद्दल’, ‘माझ्यातर्फे’ ही बाहेरच्या थराची. ‘माझ्या घरी’प्रमाणेच येथेही ‘माझ्या’ हे षष्ठीचे रूप आहे आणि पुढच्या शब्दाच्या नामपणाची ती खूण आहे. फार्सीमूलक अव्यये केवळ या बाहेरच्या थरात शिरली. आतल्या थरातील एकही प्रत्यय बदलला नाही.

‘की’चा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘तो येणार असे तिने सांगितले’ या रचनेत आशय आधी येतो. ‘तिने सांगितले की तो येणार’ यात तो मागाहून येतो आणि फार्सीतील ‘कि’ची रचना अशीच आहे. मात्र प्राचीन मराठीत आशय मागाहून आणणारा ‘जे’ होता, आणि ‘अथवा’ या अर्थाचा ‘कीं’ ज्ञानेश्वरीत आहे. म्हणजे स्थान मराठीत तयार होते आणि उच्चारही ओळखीचा होता. फार्सीच्या सहवासात या दोहोंची सांगड पडली असावी. ‘की’ निव्वळ उसना आहे की निव्वळ देशी, हा वाद त्यामुळेच निकाली निघत नाही. बंदिस्त वर्गात परका घटक शिरतो तो बहुधा असाच, आधीच असलेल्या जागेवर.

याच्या प्रकाशात शुद्धीकरणाचे प्रयत्न पाहिले पाहिजेत. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रघुनाथपंडिताच्या नावे असलेला राजव्यवहारकोश सिद्ध झाला. राजवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशी त्याची मांडणी आहे. हे सारे वर्ग वस्तूंचे, पदांचे आणि व्यवहारांचे आहेत. अमरकोशाच्या वळणावर रचलेल्या या ग्रंथात अमरकोशातल्यासारखा अव्ययवर्ग मात्र नाही. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून ‘दिनांक’, ‘महापौर’ असे शब्द रुळले, तीही नामेच. ‘बद्दल’ टाळू पाहणाऱ्यानेही नवे अव्यय घडवले नाही, हाताशी असलेले ‘विषयी’ घेतले. आणि ‘विषयी’ म्हणजे तरी ‘विषय’ या संस्कृत नामाचे सप्तम्यन्त रूप. ‘तर्फे’ ज्या वाटेने आले त्याच वाटेने तेही आले आहे.

तेव्हा शब्दमोजणी खुल्या वर्गातील चढउतार दाखवते. तो दरबार, कारकून आणि सत्ता यांचा इतिहास आहे, आणि त्या मर्यादेत तो मोलाचा आहे. परंतु त्यावरून सतराव्या शतकात मराठी बुडत होती आणि अठराव्यात वाचली, असा निष्कर्ष काढता येत नाही. ज्या दस्तऐवजात फार्सी शब्द सर्वाधिक, त्यातही ‘-ला’, ‘-ने’, ‘-चा’ अबाधित होते. उलट, फार्सीचा सर्वांत खोल ठसा ज्या एका अक्षरात शोधावा लागेल, ते मोजणीत नगण्य ठरते. भाषाशुद्धीचे समर्थनही ‘की’ वापरूनच लिहिले जाते, आणि तसे लिहिणाऱ्याला त्यात काही परके वाटत नाही.