‘पूर्णा’ म्हणजे नेमकी कोणती पूर्णा? : दुव्यातील शब्दांचा इतिहास

१/ केदारखेडा हे जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याचे, पूर्णा नदीच्या परिसरातील गाव. या गावाच्या इतिहासावर संकेतस्थळाचे एक पान लिहिले जात आहे, अशी कल्पना करू. पानात ‘पूर्णा’ हा शब्द येतो आणि लेखक त्या शब्दावर नदीच्या पानाचा दुवा देतो. काम संपले असे वाटते. परंतु खरी अडचण येथूनच सुरू होते. महाराष्ट्रात पूर्णा नावाची एकच नदी नाही.

२/ केदारखेड्याच्या परिसरातील पूर्णा अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावते आणि परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. दुसरी पूर्णा सातपुड्यातून निघते, अमरावती-अकोल्याचा प्रदेश ओलांडते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. परभणी जिल्ह्यात पूर्णा नावाचे शहरही आहे. विशेष म्हणजे दोन्ही नद्या बुलढाणा जिल्ह्यातून वाहतात. त्यामुळे ‘बुलढाण्यातील पूर्णा’ असे लिहूनही प्रश्न सुटत नाही. मग दुव्यावर शब्द कोणते असावेत?

३/ हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. छापील मराठी विश्वकोशात नोंदीच्या अखेरीस ‘पहा’ असे लिहून संबंधित नोंदींची शीर्षके दिलेली असतात. वाचकाला तो खंड काढून वर्णानुक्रमाने नोंद शोधावी लागे. म्हणून ‘पहा’च्या पुढे नोंदीचे शीर्षकच द्यावे लागे, ‘त्याविषयी अन्यत्र पहा’ असे लिहिले असते, तर वाचक कोठेच पोहोचला नसता. छापील ग्रंथात दुव्याचा शब्द हाच त्याचा पत्ता होता.

४/ १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत जागतिक जाळ्याचा प्रस्ताव मांडला आणि ही जोडी फुटली. दुव्यासाठी योजलेल्या खुणेचे नाव ‘ॲंकर’, म्हणजे जहाजाचा नांगर. एचटीएमएलमधील `a` हे त्याचेच आद्याक्षर. या खुणेत पत्ता आत दडतो आणि शब्द वर दिसतात. दिसणाऱ्या या शब्दांना ‘ॲंकर टेक्स्ट’ म्हणतात.

```html
<a href="/nadi/purna-godavari">येथे क्लिक करा</a>
```

पत्ता अचूक असल्यामुळे हा दुवा चालतो. शब्दांवरची सक्ती मात्र संपली, आणि ‘येथे क्लिक करा’, ‘अधिक वाचा’ यांसारखे निनावी दुवे सर्वत्र पसरले.

५/ शब्दांचे मोल पुन्हा ओळखले ते शोधयंत्रांनी. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ च्या आपल्या निबंधात नोंदवले की, दुव्यावरील शब्द ज्या पानावर लिहिले आहेत त्याच्याशी जोडावेतच. शिवाय दुवा ज्या पानाकडे जातो त्याच्याशीही जोडावेत. एखाद्या पानाविषयी दुसऱ्या पानाने लिहिलेले वर्णन अनेकदा त्या पानाच्या स्वतःच्या मजकुराहून नेमके असते, हा त्यामागचा विचार. ही कल्पना मॅकब्रायन यांच्या १९९४ च्या ‘वर्ल्ड वाइड वेब वर्म’मध्ये आधीच वापरली गेली होती, हेही त्यांनी मान्य केले.

६/ केदारखेड्याच्या पानावरील ‘पूर्णा’ हा शब्द म्हणूनच दोघांसाठी असतो. वाचकाला तो सांगतो की पुढे काय आहे. शोधयंत्राला सांगतो की पुढचे पान कशाविषयी आहे. संकेतस्थळावर दोन्ही पूर्णांची पाने असतील आणि दोन्हींकडे जाणारे दुवे नुसते ‘पूर्णा’ म्हणत असतील, तर दोघांनाही फरक कळत नाही. दुरुस्ती साधी आहे :

```html
<a href="/nadi/purna-godavari">गोदावरीची उपनदी पूर्णा</a>
<a href="/nadi/purna-tapi">तापीची उपनदी पूर्णा</a>
```

येथे जिल्ह्याने जे साधले नाही, ते संगमाने साधले. भावंड-पानांपासून वेगळेपण दाखवणारा सर्वांत छोटा तपशील निवडणे, हाच दुव्याच्या शब्दांचा नियम.

७/ हीच कसोटी लढाईला लावू. भोकरदनच्या परिसरातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली यांच्या सैन्याची दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांशी लढाई झाली. पानात ‘१८०३ ची लढाई’ या शब्दांवर दुवा दिला, तर तो भरीव वाटतो. पण दिल्ली, लासवारी आणि अडगाव येथील लढायाही त्याच वर्षीच्या, त्याच युद्धातील. येथे वर्ष कामाचे नाही, स्थळनाम कामाचे आहे : ‘असईची लढाई’. उलट ‘दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील आर्थर वेलस्लींची २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई’ एवढे सारे दुव्यात कोंबणेही चूक. उरलेला तपशील दुव्याबाहेर, वाक्यात राहू द्यावा.

८/ मराठीत आणखी एक पेच आहे, तो विभक्तीचा. पानाचे शीर्षक ‘केदारखेडा’, पण वाक्यात येते ‘केदारखेड्याला’, ‘केदारखेड्यातील’. प्रत्यय तर लागतोच, शिवाय सामान्यरूपात मूळ शब्दच बदलतो. वाक्य मोडून ‘केदारखेडा येथून’ असे सर्वत्र लिहिणे कृत्रिम होईल. तसेच ‘केदारखेड्या’ एवढ्यावर दुवा ठेवून ‘तील’ बाहेर सोडणे वाचकाच्या डोळ्यांना खुपते. संपूर्ण रूप दुव्यात घ्यावे. मात्र महत्त्वाच्या पानाकडे जाणाऱ्या दुव्यांपैकी काही तरी प्रथमेत असतील, अशी वाक्यरचना करावी. कारण अक्षरशः जुळणी करणाऱ्या शोधाला ‘केदारखेडा’ आणि ‘केदारखेड्या’ हे दोन निराळे शब्द दिसतात.

९/ शब्दांची ही ताकद निरंकुश नाही. २००३ मध्ये अनेक संकेतस्थळांनी मिळून ‘दारुण अपयश’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या चरित्रपानाचा दुवा दिला. ते शब्द त्या पानावर नसतानाही गूगलमध्ये शोधल्यावर तेच पान वर येऊ लागले. २००७ मध्ये गूगलने आपली पद्धत बदलून हा प्रकार रोखला. आपल्याच संकेतस्थळावर एकच ठरीव शब्दसमूह शंभर ठिकाणी चिकटवूनही पान मोठे होत नाही. ज्या पानावर असईविषयी दोनच ओळी आहेत, त्याला दुव्यातील शब्द इतिहास देऊ शकत नाहीत.

१०/ चूक ओळखण्यासाठी एक तक्ता पुरतो. तीन रकाने करावेत : दुवा कोणत्या पानावर आहे, त्याचे शब्द कोणते, तो कोठे जातो. आधी तो शब्दांनुसार लावावा. एकाच ‘पूर्णा’समोर दोन पत्ते दिसले, तर संदिग्धता सापडली. मग पत्त्यांनुसार लावावा. एखाद्या पत्त्यासमोर केवळ ‘अधिक वाचा’ असेल, तर ते पान संकेतस्थळाच्या आत निनावी राहिले आहे.

११/ शेवटी मधला रकाना एकटाच मोठ्याने वाचावा. दृष्टिहीन वाचक पडदावाचकाच्या साहाय्याने पानावरील दुव्यांची यादी अनेकदा अशीच ऐकतात. तेव्हा भोवतालचे वाक्य सोबत नसते. ‘गोदावरीची उपनदी पूर्णा’, ‘असईची लढाई’, ‘केदारखेडा’ हे शब्द तेथे स्वतःच्या पायावर उभे राहतात. विश्वकोशातील ‘पहा’च्या पुढील शीर्षकही असेच एकटे उभे असे.
(समाप्त)