मेधा, स्मृती आणि ब्राह्मीची बाटली



दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यामुळे जानेवारी लागला की इंझोरीत काय, मानोऱ्यात काय किंवा वाशीमला काय, औषधाच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो : "पोराच्या अभ्यासासाठी काही आहे का, ब्राह्मी-बिह्मी?" दुकानदार सिरप काढून देतो. आई रोज सकाळी दोन चमचे पाजते. पोरगं तोंड वाकडं करून पितं आणि त्याला वाटतं, आता लक्षात राहील.

मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्या विषयाची एक सवय अशी की कोणी म्हणालं "हे सिद्ध झालं आहे", तर विचारायचं : नेमकं काय सिद्ध झालं, कोणावर, आणि कशाच्या तुलनेत? हेच तीन प्रश्न आज ब्राह्मीला विचारू. पण त्याआधी एक चौथा प्रश्न येतो. ब्राह्मी म्हणजे कोणती वनस्पती?

याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनांचा भाग आहे. तिथे मेधा वाढवणारी म्हणून चार औषधं सांगितली आहेत : मंडूकपर्णीचा रस, ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधाबरोबर, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. चौघांत शंखपुष्पीला विशेष मान दिला आहे. आता गंमत बघा, या चौघांत ब्राह्मी हे नावच नाही! चरकात ब्राह्मी भेटते ती दुसरीकडे, अपस्मार म्हणजे फेफऱ्याच्या चिकित्सेत. तिथे तिचं तूप करायला सांगितलं आहे. सुश्रुतसंहितेत मेधा आणि आयुष्य यांवर एक अध्याय आहे. त्यात मंडूकपर्णीचा प्रयोग वेगळा आणि ब्राह्मीचा वेगळा दिला आहे. म्हणजे जुन्या ग्रंथकारांच्या लेखी या दोन वनस्पती होत्या.

पुढच्या शतकांत त्यांची नावं एकमेकींत मिसळली. एका प्रांतात जिला ब्राह्मी म्हणत, तिला दुसऱ्या प्रांतात भलतंच नाव. आजही तेच चालू आहे. आपल्याकडे अनेक लोक ब्राह्मी म्हणून कुंडीत जी लावतात, ती गोलसर, मूत्रपिंडासारख्या आकाराच्या, कडेला दातेरी आणि लांब देठाच्या पानांची वेल असते. ती मंडूकपर्णी. मराठीत तिला कारिवणाही म्हणतात. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. दुसरी पाणथळ जागी पसरते. तिची पानं लहान, जाडसर, मांसल, जवळजवळ बिनदेठाची, फूल पांढरं किंवा फिकट जांभळं आणि चव कडूजहर. ती बॅकोपा मोनिएरी. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने ब्राह्मी हे नाव या दुसरीला दिलं आहे आणि मंडूकपर्णी हे पहिलीला. शंखपुष्पीचा घोळ तर आणखी मोठा. देशात निरनिराळ्या ठिकाणी तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती त्या नावाने विकल्या जातात. आपल्या कुंपणावरची निळी गोकर्णही त्यांत आहे.

हे एवढं का सांगतो? कारण आधुनिक चाचण्यांतला स्मरणाविषयीचा जो काही भक्कम पुरावा आहे, तो मुख्यतः बॅकोपाचा आहे. कुंडीतल्या गोल पानाला तो लागू होत नाही, डोक्याला लावायच्या ब्राह्मी तेलाला तर नाहीच. तेव्हा पहिली पायरी सोपी. बाटलीवर बारीक अक्षरात बॅकोपा लिहिलं आहे की सेंटेला, ते वाचा. दोन्ही नसेल, तर आपण काय विकत घेतोय हेच आपल्याला माहीत नाही.

आता पुराव्याचा इतिहास. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत बॅकोपावर अनेक वर्षं काम झालं. तिच्यातली बॅकोसाइड नावाची द्रव्यं वेगळी केली गेली, उंदरांवर प्रयोग झाले आणि पुढे ठरावीक प्रमाणाचा अर्क तयार झाला. माणसांवरच्या चाचण्यांपैकी ऑस्ट्रेलियातली २००१ सालची चाचणी फार उल्लेखली जाते. ४६ निरोगी लोक, रोज ३०० मिलिग्रॅम अर्क किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी, १२ आठवडे. अर्क घेणाऱ्यांत नवं शिकण्याचा वेग आणि शिकलेलं पक्कं होणं यांत सुधारणा दिसली, आणि ती सगळ्यात जास्त दिसली १२ आठवड्यांच्या अखेरीस. त्याच वर्षी तिथेच दुसऱ्या एका चाचणीत ३८ निरोगी लोकांना तेवढीच मात्रा एकदाच दिली आणि दोन तासांनी तपासलं. काहीही फरक नाही. हे दोन निकाल शेजारी ठेवले की परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आणलेल्या बाटलीकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळतं.

पण आपल्याला जास्त जवळचा अभ्यास नागपूरचा आहे. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले दुसऱ्या वर्षाचे ६० विद्यार्थी घेतले. दोन गट चिठ्ठी टाकल्यासारखे केले. एका गटाला बॅकोपाचा प्रमाणित अर्क, १५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हतं, तपासणाऱ्यांनाही नव्हतं. सहा आठवडे हे चाललं. आधी आणि नंतर स्मरणाच्या चाचण्या आणि रक्ततपासणी झाली. अर्क घेतलेल्या गटात आकलन-स्मरणाच्या काही चाचण्यांत संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारी सुधारणा दिसली. रक्तातलं कॅल्शियमही वाढलं, पण सामान्य मर्यादेत राहिलं.

खोटी गोळी कशाला, असं कोणी विचारेल. त्याचं कारण असं की तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की माणूस तशीही बरी देतो, कारण सराव झालेला असतो. शिवाय "मला औषध मिळतंय" या विश्वासानेही हुरूप येतो. दुसरा गट नसता, तर ही सगळी वाढ ब्राह्मीच्या खात्यावर जमा झाली असती. "आमच्या पोराला गुण आला" असं घरोघरी सांगतात, त्यात नेमका हा दुसरा गट नसतो. त्याच पोराने त्याच दिवसांत अभ्यासही वाढवलेला असतो, हे कोणी मोजत नाही.

आता या अभ्यासाच्या मर्यादा बघा. एक, माणसं फक्त ६०. दोन, मोजले गेले ते आकडे किंवा मजकूर ऐकून परत सांगणं अशा धर्तीचे स्मरणाचे गुण, परीक्षेचे मार्क नव्हेत. "लक्षात राहणं थोडं सुधारलं" आणि "टक्के वाढले" या दोन विधानांमधलं अंतर कोणत्याही अभ्यासाने भरून काढलेलं नाही, जाहिरातीने मात्र एका उडीत पार केलं. तीन, ही मुलं वैद्यकीयची, वयाने मोठी आणि वर्गात नियमित हजर राहणारी म्हणून निवडलेली. म्हणजे अभ्यासाची घडी आधीच बसलेली. पंधरा वर्षांच्या मुलावर हाच निकाल जसाच्या तसा लावता येत नाही.

मात्रेचं गणितही करून बघू. या चाचण्यांत अर्क वापरतात, नुसती पूड नाही. एका प्रचलित अर्काच्या १५० मिलिग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम वाळलेली वनस्पती धरलेली असते. म्हणजे दिवसाच्या ३०० मिलिग्रॅमला ६ ग्रॅम. समजा दुकानातल्या गोळीत २५० मिलिग्रॅम साधी पूड आहे आणि पोरगं दोन गोळ्या घेतं. झाली अर्धा ग्रॅम. चाचणीतल्या मात्रेचा बारावा हिस्सा! सिरपमध्ये तर साखर किती आणि ब्राह्मी किती, हे लेबल वाचूनच ठरवावं लागेल.

"वनस्पतीच आहे, अपाय तर नाही ना?" हा पुढचा प्रश्न. बॅकोपाने मळमळ, पोटात मुरडा, वारंवार शौचाला होणं असा त्रास काहींना होतो. परीक्षेच्या दिवसांत हे परवडत नाही. नाल्याकाठची ब्राह्मी उपटून रस काढू नये. ती पाण्यातले जड धातू शोषून घेते. तयार औषधांबद्दल सांगायचं तर, २००४ साली अमेरिकेतल्या बोस्टन परिसरात विकली जाणारी ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. बुद्धीसाठीच्या चूर्णांत पुष्कळदा वेखंड असतं. बाळगुटीतलं वेखंड आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण त्यातल्या बीटा-अ‍ॅसरोन या द्रव्याने प्रयोगातल्या उंदरांना गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ सालीच ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. मुलाचं दुसरं कोणतं औषध चालू असेल, विशेषतः थायरॉइडचं किंवा फिटचं, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय काही देऊ नये.

आता पुन्हा चरकाकडे येतो, कारण माझ्या विषयाच्या दृष्टीने खरी गोष्ट तिथे आहे. शारीरस्थानात चरकाने स्मृती कशाने होते याची आठ कारणं दिली आहेत. कारण दिसलं की कार्य आठवतं, रूप पाहून आठवतं, सारखेपणाने आठवतं, उलटेपणानेही आठवतं, मन लावल्याने, अभ्यासाने, तत्त्वज्ञानाने आणि पुन्हा ऐकल्याने आठवतं. या आठांत एकही वनस्पती नाही! औषधं वेगळ्या ठिकाणी, रसायन म्हणून, सबंध आहारविहाराच्या जोडीने सांगितली आहेत. अभ्यास हा शब्दही आपण 'स्टडी' या अर्थाने घेतो, पण मुळात त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा करणं. आपण ग्रंथातली वनस्पती उचलली आणि आठ कारणं तिथेच सोडून आलो.

यातल्या 'पुन्हा करण्या'चा आधुनिक पुरावा चांगला भक्कम आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो परत वाचला. काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा त्यांना ४२ टक्के मजकूर आठवला आणि मिटून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. यातली मेख लक्षात घ्या. परत वाचताना "मला येतंय" असं वाटतं, म्हणून मुलं तेच करत राहतात. आठवून लिहिताना अडखळायला होतं, म्हणून टाळतात. आणि टिकतं ते अडखळून आठवलेलं.

तेव्हा कोणी बाप विचारेल, "सर, मग द्यायची की नाही?" माझं उत्तर असं. परीक्षा महिन्यावर आली असेल तर बाटली आणू नका. तेवढ्या दिवसांत तिच्याकडून काही होईल याला आधार नाही. तीन महिने हातात असतील, मुलगा मोठा असेल आणि वैद्याने पाहून बॅकोपाचा प्रमाणित अर्क दिला, तर थोडा उपयोग होऊ शकतो, एवढंच आज म्हणता येतं. आणि पोरगं रात्र रात्र झोपत नसेल, जेवत नसेल, "माझं काही खरं नाही" असं बोलत असेल, तर तो स्मरणशक्तीचा प्रश्नच नाही. तिथे सिरप पाजत बसण्यात वेळ जातो. त्याच्याजवळ बसा, बोला, डॉक्टरकडे न्या. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो नंबर बाटलीच्या जागी फडताळावर लिहून ठेवा.