प्रश्न इंग्रजीत आला, तरी उत्तर मराठीत का द्यावं? आणि ते नेमकं कसं सांगावं?

समजा, काशीमीरा नाक्यावरच्या एका एटीएममध्ये तुम्ही 5,000 रुपये काढायला गेलात. मशीन घरघरलं, पैसे आले नाहीत, पण मोबाइलवर खात्यातून रक्कम वजा झाल्याचा मेसेज आला. तुम्ही बँकेकडे तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी इंग्रजीत ई-मेल आला. त्यातला पहिलाच प्रश्न असा: हा व्यवहार तुम्ही स्वतः केला होता का?

बरेच जण इथे घाईत इंग्रजीतच 'येस' असं लिहून टाकतात. खोटं काहीच नाही, कार्ड त्यांचं, पिन त्यांनीच टाकला. पण वाचणाऱ्याला त्याचा अर्थ लागतो की व्यवहार ग्राहकाने केला आणि तो पूर्ण झाला. आपल्याला म्हणायचं असतं ते वेगळंच: व्यवहार मी सुरू केला, पण पैसे माझ्या हातात आले नाहीत. या दोन वाक्यांमधला फरक आपण मराठीत सहज सांगतो. इंग्रजीत सांगताना मात्र समोरच्याच्या प्रश्नातले शब्द उचलतो आणि तिथेच फसतो.

उत्तर मराठीत देण्याचं पहिलं कारण हेच आहे. प्रश्न फक्त समजून घ्यायचा असतो, उत्तरावर मात्र आपली सही असते. ज्या भाषेत आपण 'पण', 'मात्र', 'तेवढंच' हे शब्द विचार न करता योग्य जागी वापरतो, त्या भाषेत नोंद झालेली बरी. इंग्रजी वाचता येणं आणि इंग्रजीत जबाब देता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं जमतं म्हणून दुसरंही करायलाच हवं, असं नाही.

हा मीरा रोडच्या वादासारखाच वाद आहे का?

नाही. जुलै 2025 च्या सुरुवातीला मीरा रोडमधल्या एका दुकानदाराला मराठीच्या मुद्द्यावरून मारहाण झाल्याचा व्हिडिओ व्हायरल झाला, काशीमीरा पोलिसांत गुन्हा दाखल झाला, व्यापाऱ्यांनी निषेध केला आणि 8 जुलैला मराठीसाठी मोर्चा निघाला. तो सगळा वाद समोरच्याने कोणत्या भाषेत बोलावं याचा होता. आपला विषय आहे माझं उत्तर कोणत्या भाषेत असेल हा. त्यासाठी समोरच्याला काही बदलायला लावावं लागत नाही. म्हणूनच पसंती सांगताना 'मराठीत बोला' असं न म्हणता 'मी मराठीत उत्तर देतोय' किंवा 'देतेय' असं म्हटलेलं चालतं, आणि बहुतेक वेळा भागतंही. कॉल सेंटरमधला मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या राज्यात बसलेली असू शकते. तिच्यावर आवाज चढवून पैसे लवकर परत येत नाहीत.

कायदा काय म्हणतो?

इथे थोडं जपून. संविधानाच्या अनुच्छेद 350 नुसार कोणालाही आपल्या गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. म्हणजे सरकारी अधिकाऱ्याकडे मराठीत लिहिणं हा हक्क आहे. पण उत्तरही त्याच भाषेत मिळेल, असं या अनुच्छेदात लिहिलेलं नाही. हिंदीचं तसं नाही: 1976 च्या राजभाषा नियमांनुसार हिंदीत आलेल्या पत्राला केंद्र सरकारच्या कार्यालयाने हिंदीतच उत्तर द्यायचं असतं. मराठीला तशी हमी नाही.

राज्य सरकारच्या आणि महापालिकेच्या कार्यालयात चित्र बरंच सोपं आहे. 1964 च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमामुळे मराठी ही कामकाजाची भाषा आहे, आणि 3 फेब्रुवारी 2025 च्या शासन निर्णयाने सरकारी, निमसरकारी कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये मराठीत बोलणं बंधनकारक केलं. परदेशातून किंवा परराज्यातून आलेल्या, मराठी न येणाऱ्या लोकांशी बोलताना सूट आहे. त्यामुळे मीरा-भाईंदर महापालिकेत इंग्रजीत अर्ज केला आणि उत्तर मराठीत आलं, तर त्यात चूक काही नाही.

बँक या दोन्हींच्या मधे कुठेतरी येते. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेच्या सूचनांप्रमाणे शाखेतले फलक आणि ग्राहकांसाठीचं छापील साहित्य हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत असायला हवं. धनादेशाचा फॉर्म हिंदी-इंग्रजीत छापलेला असला, तरी ग्राहक तो प्रादेशिक भाषेत भरू शकतो, म्हणजे आपल्याकडे मराठीत. (हे अनेक शाखांमध्ये काउंटरवरही माहीत नसतं.) पण यावरून प्रत्येक ई-मेलचं उत्तर मराठीतच मिळायला हवं, असा अर्थ काढता येत नाही. तिथे ती विनंतीच असते, आणि विनंती स्पष्ट असेल तर ती मान्य होण्याची शक्यता वाढते.

मग लिहायचं कसं?

पुन्हा त्या 5,000 रुपयांकडे येऊ. बँकेच्या ई-मेलला उत्तर देताना विषयाची ओळ अजिबात बदलू नका. त्यात तक्रार क्रमांक असतो आणि तुमचं उत्तर त्यावरूनच जुन्या तक्रारीला जोडलं जातं. विषय पुसून 'पैसे मिळाले नाहीत' असं लिहिलंत, तर नवी तक्रार उघडण्याची आणि जुनी 'ग्राहकाकडून प्रतिसाद नाही' म्हणून बंद होण्याची शक्यता असते.

मजकुराच्या अगदी सुरुवातीला भाषेची पसंती लिहा. शेवटी लिहिली तर तोपर्यंत वाचणाऱ्याने ई-मेल बाजूला ठेवलेला असतो. शब्द असे ठेवता येतील:

"आपला इंग्रजी ई-मेल मला समजला आहे. माझं म्हणणं मी मराठीत नोंदवत आहे. कृपया लेखी उत्तर मराठीत द्यावं. ते शक्य नसल्यास इंग्रजीत द्यावं, पण माझा मराठी मजकूर तक्रारीच्या नोंदीत जसाच्या तसा ठेवावा."

यातलं पहिलं वाक्य उगाच नाही. ते नसेल तर 'ग्राहकाला प्रश्न समजलेला नाही' असं गृहीत धरून तोच इंग्रजी प्रश्न पुन्हा येतो. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. उत्तर कोणत्या भाषेत येतं यापेक्षा तुमचं मूळ म्हणणं नोंदीत राहणं जास्त कामाचं आहे. कारण मधल्या कोणीतरी केलेल्या दोन ओळींच्या इंग्रजी सारांशात तुमचा 'पण' गळू शकतो. याच्या वर एक छोटी इंग्रजी ओळ टाकली तरी हरकत नाही, की खालचं उत्तर मराठीत आहे. त्यामुळे ई-मेल मराठी वाचणाऱ्या माणसाकडे पाठवला जातो.

त्यानंतर मुद्द्याचं: "दिनांक 3 रोजी सायंकाळी 6.40 वाजता मी 5,000 रुपये काढण्याचा प्रयत्न केला. मशीनमधून एकही नोट आली नाही. खात्यातून मात्र 5,000 रुपये वजा झाले." सोबत एटीएमचा क्रमांक आणि कार्डाचे फक्त शेवटचे चार अंक. पिन किंवा ओटीपी कोणत्याही भाषेत नाही. फोनवरचा माणूस गोड मराठीत बोलतो म्हणून तो बँकेचाच असतो, असंही नाही.

'काढण्याचा प्रयत्न केला' हे मुद्दाम लिहिलं आहे. आपण बोलताना 'पैसे काढले पण आलेच नाहीत' असं म्हणतो. लेखी तक्रारीत 'काढले' हा शब्द इंग्रजी 'येस'इतकाच घातक ठरू शकतो. तसंच 'परवा'. परवा म्हणजे होऊन गेलेला दिवसही आणि येणाराही. मराठीत लिहिलं म्हणून आपोआप स्पष्ट होत नाही, त्यामुळे तारीखच लिहा.

आणखी एक गोष्ट हमखास बिघडते, ती म्हणजे अक्षरं. जुन्या फॉन्टमध्ये, उदाहरणार्थ कृतिदेवमध्ये, टाइप केलेला मजकूर समोरच्याच्या स्क्रीनवर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो, तो नीट जातो. खात्री करायची असेल तर तो ई-मेल आधी स्वतःलाच पाठवा आणि दुसऱ्या फोनवर उघडून बघा. रोमन अक्षरांतली मराठी टाळा, तिचं भाषांतर करताना गोंधळ होतो. नाव मात्र मराठीसोबत पासबुकात छापलं आहे त्याच स्पेलिंगमध्ये एकदा लिहा, म्हणजे खातं जुळवताना अडत नाही.

फोनवर असेल तर?

पहिल्याच वाक्यात सांगा: "मी मराठीत बोलणार आहे. मराठी समजणारं कोणी असेल तर कॉल जोडून द्या, नसेल तर कोण कधी फोन करेल ते सांगा." कॉल संपण्याआधी एक विचारा: "तुम्ही काय नोंदवलं, ते मला मराठीत वाचून दाखवाल का?" फोनवर तुम्ही मराठीत बोललात, तरी त्याची नोंद इंग्रजीत टाइप झालेली असू शकते. पुढे कामाला येते ती नोंद, तुमचा आवाज नाही.

पैसे कधी येणार?

रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. आपल्या उदाहरणात 3 तारखेचा व्यवहार, म्हणजे मुदत 8 तारखेपर्यंत. रक्कम 14 तारखेला आली, तर 6 दिवसांचे 600 रुपये वेगळे जमा झाले आहेत का, ते बघा.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. 2021 मध्ये एकत्रित लोकपाल योजना सुरू झाली, तेव्हा पत्राने किंवा ई-मेलने आलेल्या कोणत्याही भाषेतल्या तक्रारी घेण्यासाठी चंदीगडला केंद्र उभारलं गेलं, आणि 14448 या क्रमांकावर मराठीतही माहिती देण्याची सोय झाली. तिथे पाठवताना बँकेला लिहिलेला मूळ मराठी ई-मेल तारखेसह जोडा. नव्याने इंग्रजीत लिहायला बसलात, तर दोन ठिकाणचे तपशील वेगळे पडू शकतात.