'माश्का' म्हणजे लाड की अपमान?
संगमेश्वरात आई 'गण्या' म्हणते तेव्हा तो लाड असतो. अनोळखी माणसाने तेच म्हटलं, तर गणेश भडकतो. रशियनमध्येही तसंच. मारिया घरात 'माशा' होते, हे साधं रोजचं नाव. आजीच्या मेसेजमध्ये 'माशेन्का' दिसलं की ती माया समजा. 'माश्का' मात्र आपल्या गण्यासारखं: भावंडांत, मैत्रिणींत चालतं, परक्याने लिहिलं तर उद्धट वाटतं.

गंमत म्हणजे गोड रूपही टोचू शकतं. भांडण चालू असताना नवऱ्याने 'माशेन्का, तुला हे नाही कळायचं' असं लिहिलं, तर तो लाड नसतो. मोठ्या बाईला लहान पोरीसारखं समजावणं असतं. सासूला सून बहुधा वडिलांच्या नावासकट लिहिते: 'मारिया इवानोव्हना', म्हणजे इवानची मुलगी मारिया.